गिऱ्हाईक म्हणालं, "अनारसे नकोत, पीठ द्या!" लंडनच्या ताईंचा बदललेला प्लॅन



परदेशातल्या ताईंचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय: "काजू कतलीचं दुकान टाकायला निघालेल्या ताई अनारशाच्या पिठावर कशा आल्या?" व्हिडिओत सगळं सांगता आलं नाही, म्हणून आज हिशोबासकट लिहितोय. ताईंनी नाव लिहू नका म्हटलंय, तर आपण त्यांना ताईच म्हणू. माहेर साताऱ्याकडचं, राहायला पश्चिम लंडनमध्ये हाउन्स्लो भागात. नवरा नोकरीच्या व्हिसावर, ताई त्यांच्या डिपेंडंट व्हिसावर. हे मुद्दाम सांगतो, कारण तिथे डिपेंडंटला स्वतःचा धंदा करता येतो. कामगार व्हिसा ज्याच्या नावावर आहे त्याला मात्र असा धंदा सरसकट करता येत नाही. तुमची वहिनी किंवा बहीण तिकडे असेल तर आधी हे बघा, मग कढई घ्या.

ताईंचा मूळ प्लॅन साधा होता. एक छोटा गाळा घ्यायचा आणि काजू कतली, पिस्ता रोल, मोतीचुराचे चकचकीत बॉक्स विकायचे. गाळा बघितलाही होता. भाडं महिना १,५०० पौंड, डिपॉझिट ३ महिन्यांचं. घरात साठवलेले १८,००० पौंड होते, म्हणजे पैसे नव्हते असं नाही. अडचण इतकीच की हाउन्स्लोपासून बसच्या अंतरावर साउथॉल आहे, आणि तिथे पंजाबी, गुजराती हलवायांची दुकानं वर्षानुवर्षं चालतात. काजू कतलीत त्यांच्याशी भावाने लढायचं, तर रोज पहाटे ४ ला उठूनही जमलं नसतं.

गाळ्याचं ठरेपर्यंत ताईंनी एक गोष्ट केली. घरच्या स्वयंपाकघरातून धंदा करायचा म्हणून स्थानिक कौन्सिलकडे फूड बिझनेसची नोंदणी केली. ही नोंदणी फुकट असते, पण काम सुरू करायच्या किमान २८ दिवस आधी करावी लागते. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये इन्स्टाग्रामवर पान सुरू करून मिठाईचे फोटो टाकले. महिन्याभरात ११ ऑर्डरी आल्या, त्यातल्या बहुतेक ओळखीच्याच. म्हणजे मैत्रिणींनी लाज राखली.

मग सप्टेंबरच्या शेवटी त्यांनी घरच्यासाठी अनारसे तळताना ४० सेकंदांचा व्हिडिओ टाकला. त्यात एक अनारसा तुपात सोडल्यासोडल्या हसला, म्हणजे जाळी पडायच्या ऐवजी विस्कटून तुपभर पसरला. ताई मागे खळखळून हसल्या आणि तो आवाज तसाच राहिला. पुढच्या १० दिवसांत ६३ मेसेज आले.

वही काय सांगत होती

इथे ताईंनी जे केलं ते तुम्ही नीट बघा. त्यांनी "वा, व्हायरल झालो" म्हणून काजू कतलीच्या जाहिरातीवर पैसे टाकले नाहीत. शाळकरी वही घेतली आणि प्रत्येक मेसेजची ओळ लिहिली: तारीख, गिऱ्हाइकाच्या पोस्टकोडची पहिली दोन अक्षरं, काय मागितलं, कशासाठी मागितलं, आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे.

६३ पैकी ३८ जणांना अनारसे हवे होते. ८ जणांना उकडीचे मोदक, ७ जणांना गुळपोळी, ६ जणांना पुरणपोळी आणि काजू कतली फक्त ४ जणांना. दुसरा रकाना त्याहून बोलका होता. हाउन्स्लो आणि आसपासचे फक्त ९ होते. बाकीचे लीड्स, रेडिंग, मिल्टन कीन्स, ॲबर्डीन असे देशभर विखुरलेले. ज्या गाळ्यासाठी १,५०० पौंड भाडं भरायचं होतं, तो गाळा या ९ जणांसाठी होता.

शेवटच्या रकान्यातले शब्द मी ताईंकडून मुद्दाम वाचून घेतले. अनारसे मागणाऱ्या ३८ पैकी २४ जणांनी तयार अनारसे मागितलेच नव्हते. "पीठ मिळेल का?", "तळायचे मी घरीच आहेत, आई तळायची तसे मुलींना दाखवायचेत", "तांदूळ तीन वेळा वाया गेला, इथे वाळतच नाही." पुण्याच्या एका काकूंचा मेसेज तर थेट रागावलेला होता: "गेल्या महिन्यातच अधिक मास संपला. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं राहून गेलं. तेव्हा कुठे होतात तुम्ही?"

या मागणीमागे एक साधं कारण आहे. बाकरवडी, चिवडा, चकली तिकडच्या भारतीय दुकानात मिळते. खव्याची, दुधाची मिठाई भारतातून सामानात नेता येत नाही, कारण दुग्धजन्य पदार्थ असे आणायला ब्रिटनमध्ये बंदी आहे. पण ती निदान साउथॉलला तरी मिळते. अनारसे मात्र ना दुकानात मिळतात, ना सहज घरी जमतात. घराची आठवण येणाऱ्या माणसाला गोड खायचं असतंच, पण या गिऱ्हाइकांना त्याहून जास्त तो तुपाचा वास स्वतःच्या घरात हवा होता. ही गोष्ट ताईंना वहीत लिहिल्यावर दिसली.

मागणी खूप, पण पोस्टात काय टिकतं?

आता ६३ जणांनी मागितलं म्हणून सगळं विकायचं नसतं. ताईंनी मागणीची यादी पुन्हा लिहिली, या वेळी टिकाऊपणाच्या क्रमाने.

उकडीचे मोदक त्याच दिवशी खायचे. ओला नारळ आणि उकड, दोन्हीत पाणी, पोस्टात २ दिवस गेले की संपलं. पुरणपोळीचंही तेच. पुरणात शिजवलेल्या डाळीचं पाणी असतं, बाहेर दीड-दोन दिवसांत आंबूस वास येतो आणि पुरणाला तार सुटते. हे दोन्ही पदार्थ ताईंनी पोस्टाच्या यादीतून कायमचे काढले. मोदक फक्त गणपतीत, तेही घरी येऊन नेणाऱ्यांसाठी.

गुळपोळी जमते. तिच्यात पाणी जवळपास नसतं. कणकेला कडकडीत तेलाचं मोहन, दोन पाऱ्यांच्या मधे तीळ-बेसनाचा कालवलेला गूळ, आणि मंद तव्यावर खरपूस भाजणं. नीट भाजलेली पोळी आठ-दहा दिवस खुसखुशीत राहते. संक्रांतीला ती चालू आहे. पण तिच्यात गहू, तीळ आणि कधी शेंगदाणा येतो. ब्रिटनमध्ये ज्या १४ ॲलर्जीकारक गोष्टी सांगणं बंधनकारक आहे, त्यात हे तिन्ही आहेत. ऑनलाइन विकताना ही माहिती ऑर्डर घेण्याआधी द्यावी लागते आणि माल हातात पडतानाही द्यावी लागते. म्हणून गुळपोळीच्या दिवशी ताई दुसरं काहीच करत नाहीत.

तयार अनारसे टिकतात, पण फुटतात. त्यांनी ३३ अनारसे डब्यात कागद घालून लीड्सच्या मैत्रिणीला पाठवून बघितले. ९ फुटले. चहाबरोबर खायला फुटका अनारसा चालतो, वाणाला चालत नाही.

राहिलं पीठ. ते फुटत नाही, हलकंच असतं, आणि घटकही थोडे: तांदूळ, गूळ, तूप. १४ पैकी तुपातलं दूध एवढीच ठरलेली गोष्ट. एक खाचखळगा होता तो गुळाचा. पिवळाधमक दिसावा म्हणून काही गूळ हायड्रॉस घालून उजळ करतात, त्यातून सल्फाइट येऊ शकतं, आणि ठरावीक प्रमाणाच्या वर गेलं की सल्फाइटही त्या १४ मध्ये येतं. ताईंनी रंग बघून गूळ घेणं सोडलं आणि काळपट, पाकिटावर घटक नीट लिहिलेला गूळ घेतला. अनारसे थोडे गडद होतात. कोणी तक्रार केलेली नाही. उलट एकीने लिहिलं, "आजीचे असेच काळे असायचे."

१४ पाकिटं, ४ फोन

पहिल्या दिवाळीला, नोव्हेंबर २०२३ मध्ये, ताईंनी अर्ध्या किलोची फक्त १४ पाकिटं पाठवली. त्यातल्या ४ घरी अनारसे हसले. ऐन दिवाळीत ४ व्हिडिओ कॉल आले, समोर तुपाची कढई, तुपात विरघळलेलं पीठ, मागे रडवेली पोरं.

आता हा भाग जरा सावकाश वाचा, कारण इथे घरची रेसिपी आणि विकायचा माल यांतला फरक आहे. अनारशाचा जुना तांदूळ ३ दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात. मग निथळून सुती कापडावर पसरतात आणि किंचित ओलसर असतानाच दळून चाळतात. त्या पिठात गूळ आणि चमचाभर तूप मळून, गोळा झाकून चार-पाच दिवस मुरत ठेवतात. पीठ जास्त ओलं राहिलं किंवा गूळ जास्त झाला की अनारसा हसतो. फार कोरडं झालं तर जाळी पडत नाही, कडक होतो. सगळा खेळ त्या "किंचित ओलसर"चा आहे. साताऱ्यात ऑक्टोबरच्या उन्हात आई हाताला लागलेल्या ओलीवरून ओळखायची. लंडनच्या ऑक्टोबरमध्ये घरात कधी हीटर चालू, कधी बंद, खिडकीला दव. एकाच कापडावर एका टोकाचा तांदूळ खडखडीत आणि दुसऱ्या टोकाचा ओला.

ताईंनी हाताचा अंदाज सोडून वजनकाटा धरला. १ किलो कोरडा तांदूळ भिजून निथळला की त्यांच्याकडे साधारण पावणेतेराशे ग्रॅम भरतो. वाळवत वाळवत तो १,१५० ग्रॅमवर आला की लगेच दळायचा. हा आकडा त्यांनी लहान लहान घाणे करून काढलाय. तुमचा तांदूळ वेगळा असेल तर तुमचा आकडा वेगळा येईल, त्यामुळे हाच उचलू नका, तसा काढा. गूळही वाटीने नाही, वजनाने. प्रत्येक घाण्यातला एक अनारसा तळून बघितल्याशिवाय पाकीट बंद होत नाही, आणि पाकिटावर घाण्याचा नंबर असतो. फोन आला की नंबर विचारायचा, म्हणजे चूक पिठाची की कढईची ते कळतं.

तरी कुणाचा हसणारच, कारण तुपाचं तापमान गिऱ्हाइकाच्या हातात. म्हणून पाकिटात त्या कोरड्या तांदळाच्या पिठीची एक पुडी टाकतात. अनारसा हसला तर गोळ्यात दोन चमचे पिठी मळा, १५ मिनिटं थांबा, आच कमी करा, खसखशीची बाजू वर ठेवून पुन्हा सोडा. गिऱ्हाइकांनी तिचं नाव "हसरी पुडी" ठेवलंय. दुसऱ्या दिवाळीला असे फोन २ आले, तेही आच मोठी ठेवल्याचे.

खसखशीची वेगळी पुडीही सोबत जाते. जाता जाता: तुमचा असा काही विचार दुबई किंवा सिंगापूरसाठी चालू असेल तर खसखस पाठवू नका, तिथे तिच्यावर बंदी आहे आणि प्रकरण गंभीर होतं.

टिकण्याबद्दलही एक गंमत झाली. आई म्हणायची पीठ वर्षभर राहतं. ताईंनी पाकिटावर ३ महिने लिहायचं ठरवलं होतं. तपासणीला आलेल्या कौन्सिलच्या अधिकाऱ्याने विचारलं, "हे कशावरून?" आईवरून, हे उत्तर तिथे चालत नाही. ३ दिवस भिजवलेला तांदूळ ऐकून तर त्याने प्रत्येक टप्पा लिहून मागितला: पाणी किती वेळाने बदलता, भांडं कुठे ठेवता, मुरताना तापमान काय. ताईंनी भिजवण आणि मुरवण फ्रिजमध्ये नेली, मुरायला एखादा दिवस जास्त दिला, पीठ प्रयोगशाळेत तपासून घेतलं, आणि आता पाकिटावर "फ्रिजमध्ये ३० दिवस" असतं. माझ्या मते हे ३० दिवसच त्यांच्या धंद्याची शिस्त झाले, कारण त्यामुळे आधी बनवून साठा करायचा मोह गेला. ऑर्डर आधी, तांदूळ नंतर. दिवाळीची ऑर्डर त्या पाठवायच्या तारखेच्या १२ दिवस आधी बंद करतात. माल फक्त सोमवार ते बुधवार पोस्टात टाकतात, म्हणजे शनिवार-रविवारी डेपोत पडून राहत नाही.

आता पैसे

पहिल्या वर्षी ताईंनी पाकीट ६ पौंडांना विकलं. सामान १.६० पौंड, पॅकिंग ०.९०, म्हणजे साडेतीन सुटले असं त्यांना वाटलं. स्वतःची मजुरी कुठेच नव्हती.

२०२४ मध्ये आम्ही पुन्हा मांडलं. १० किलोच्या घाण्यात २० पाकिटं होतात आणि सगळे दिवस मिळून हाताचं काम ७ तास. तिथली तेव्हाची किमान मजुरी तासाला ११.४४ पौंड, म्हणजे घाण्याला सुमारे ८० पौंड, पाकिटामागे ४. सामान, पॅकिंग, मजुरी मिळून ६.५०. कार्ड पेमेंटचं शुल्क आणि वाया जाणारं धरून ७. ताईंनी भाव १० केला, टपाल वेगळं. काही जणींनी "एवढं?" म्हणून विचारलं आणि घेतलं नाही. पण बाकीच्यांनी घेतलं, कारण त्यांची तुलना साउथॉलच्या बर्फीशी नव्हती, वाया गेलेल्या तीन किलो तांदळाशी होती.

त्या दिवाळीला १२० पाकिटं गेली. मजुरीचे ४८० आणि वरचे ३६०, एकूण ८४० पौंड. आकडा छोटा आहे, मी फुगवून सांगत नाही. फेब्रुवारी ते जुलै जवळपास काहीच नसतं आणि ताई शाळेच्या कँटीनमधली अर्धवेळ नोकरी अजून करतात. पण हाच आकडा त्या गाळ्याशेजारी ठेवा. पाकिटामागे ३ पौंड सुटत असतील तर नुसत्या भाड्यासाठी महिन्याला ५०० पाकिटं विकावी लागली असती, आणि तीही पायी चालत दुकानात येणाऱ्या माणसांना. ते १८,००० पौंड अजून बँकेत आहेत.

आणि पुण्याच्या काकू? त्यांनी दोन वर्षं आठवण ठेवली. पुढचा अधिक मास, अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून २०२६ असा आहे. काकूंसारख्या आया इथून ऑर्डर देणार, माल तिकडे लेकीच्या घरी जाणार, ही मागणी ताईंच्या कुठल्याच प्लॅनमध्ये नव्हती. पहिली अडचण पैशांची आली. ताईंचं खातं ब्रिटनमध्ये, त्यामुळे त्या यूपीआय घेऊ शकत नाहीत, कार्डाची लिंक पाठवतात. आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे आपल्याकडच्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. ताईंनी हे कसं करायचं त्याचा मराठीत छोटा व्हिडिओ करून लिंकसोबत जोडलाय. भावाच्या भारतातल्या खात्यात पैसे घेऊन टाका, असं काहींनी सुचवलं होतं. त्यांनी घेतले नाहीत, आणि बरं केलं. उद्या भावाला त्या रकमेचा जाब द्यावा लागला असता.

वाणाचं पाकीट ९०० ग्रॅमचं ठरलंय. २५ ग्रॅमचा एक गोळा, म्हणजे ३६ अनारसे. ३३ जावयाचे, ३ हसण्याचे. पहिला माल सोमवार, १८ मेला निघणार. त्याच्या आदल्या दिवशी चाचणीचा अनारसा आणि पॅकिंग, त्याआधी मुरवण, म्हणून तांदूळ ७ मेच्या रात्री भिजेल. वहीत आजवर २६ नावं आहेत, त्यातली १७ महाराष्ट्रातून. काकूंचं नाव पहिलं आहे, आणि त्यांनी दोन पाकिटं सांगितलीत. धाकट्या लेकीचं लग्न झालंय, तीही आता तिकडेच असते.